डोहावरचं तेल आणि पांढरा कापूस

"पाणी कुणालाही परकं मानत नाही. माती येवो की दगड येवो, राजा येवो की रंक येवो, पाणी सगळ्यांना पोटात घेतं. हीच आपली संस्कृती आहे."

आमचे नगराध्यक्ष बापूराव यांनी हे वाक्य शाळेच्या पटांगणात उच्चारलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सन पंचावन्न, फेब्रुवारीची अखेर. त्याच सुमारास गावाबाहेर नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, जिनिंगच्या गिरणीची बैलगाडी कलंडली. गाडीत तीन पिंपं होती, दोन वंगणाची आणि एक इंजिनाच्या तेलाचं, म्हणजे डिझेलचं. त्यातल्या डिझेलच्या पिंपाचं बूच निघालं आणि चाळीस गॅलन डिझेल नाल्यात गेलं. पाण्यानं ते पोटात घेतलं नाही. वरच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसेल असं.

गाडीवानानं आधी बैल सोडवले, मग स्वतःला सोडवलं आणि मग गिरणीत जाऊन बातमी दिली. तेल गिरणीचं, तेव्हा बातमीही गिरणीचीच, असा त्याचा हिशेब होता. गिरणीच्या माणसांनी येऊन शाबूत असलेली दोन पिंपं उचलून नेली आणि तिसऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. नाला खाली कुठे जातो हा प्रश्न गिरणीच्या कामकाजात बसत नव्हता.

नाला खाली अर्ध्या मैलावर डोहात जात होता. डोहाच्या पलीकडच्या काठाशी नगरपालिकेची पाण्याची विहीर होती, आणि आख्खं गाव त्या विहिरीचं पाणी पीत होतं.

पंप चालवणारा नत्थूजी याला सगळ्यांत आधी वास आला. वास तेलाचा होता आणि नत्थूजीचं इंजिनही तेलाचंच होतं, म्हणून त्यानं अर्धा तास इंजिनाखाली पडून गळती शोधली. सापडली नाही. हात पुसत तो बाहेर आला, डोहाकडे पाहत उभा राहिला, परत आत गेला, इंजिन बंद केलं आणि ओव्हरसियर मधुकरराव यांच्या घरची वाट धरली.

मधुकरराव अंगणात दाढी करत होते.

"साहेब, डोहावर इंद्रधनुष्य पडून राह्यलं."

"पावसाशिवाय?"

"पावसाशिवाय. अन् घासलेटावानी वास येऊन राह्यला. मी इंजिन बंद केलं."

मधुकररावांनी उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून टॉवेलानं तोंड पुसलं. ती अर्धी दाढी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. दिवसभर कुणी त्याबद्दल बोललं नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांचंच काही ना काही अर्धं राहिलं होतं.

मधुकरराव त्रेपन्न वर्षांचे, अंगानं काटकुळे. कामाला कंटाळलेले नव्हते, पण कामाबद्दल बोलायला कंटाळले होते. अकरा वर्षांत त्यांनी या गावासाठी बरंच काही केलं होतं. त्यातले रस्ते उखडले होते, गटारं उलटी वाहत होती, आणि बाजाराच्या शेडमध्ये पाऊस बाहेरच्यापेक्षा जास्त पडतो असं भाजीवाल्यांचं म्हणणं होतं. एकच गोष्ट नीट झाली होती, ती म्हणजे डोहाकाठची विहीर. गावातल्या बाकी विहिरी खाऱ्या. हिचं पाणी गोड. या पाण्याबद्दल अकरा वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, आणि नगरपालिकेच्या नोकरीत याहून मोठं मानपत्र नसतं. मधुकरराव रात्री शांत झोपत ते या एका गोष्टीच्या जोरावर.

त्या विहिरीची रचना अशी. डोहाच्या काठाला, पाण्याखाली दोन हात, लोखंडी जाळीचं एक तोंड. त्यातून पाणी वाळूच्या गाळणीत यायचं आणि वाळूतून झिरपून विहिरीत. तोंडाला एक लोखंडी झडप होती. अशा प्रसंगी ती बंद करायची, असं नकाशात लिहिलं होतं. सन एकोणपन्नासच्या पुरात ती उघडी असताना गंजली आणि तेव्हापासून उघडीच होती. नव्या झडपेसाठी नागपूरला गेलेल्या पत्रांची फाईल झडपेपेक्षा जड झाली होती.

डोहावर पोचल्यावर मधुकररावांनी पाहिलं. नाला जिथे डोहात उतरतो तिथून एक रंगीत पट्टा आत सरकत होता. कडेला जांभळा, हिरवा, सोनेरी. मागून नाल्यातून येणारं मात्र रंगीत नव्हतं. ते तपकिरी होतं, जाड होतं, आणि सावकाश येत होतं, जसं आमंत्रण असलेलं माणूस येतं.

"तोंड तं दोन हात खाली हाय," नत्थूजी म्हणाला. "तेल वर. मंग काऊन घाबरा लागते?"

"पंप बंद आहे तोवर नाही," मधुकरराव म्हणाले. "पंप सुरू केला की तोंडापाशी भोवरा पडतो. पाणी उतरलंय. वरचं सगळं खाली ओढलं जाईल. एकदा का तेल वाळूत गेलं, की पावसाळ्यापर्यंत गाव घासलेट पिणार."

"अन् पंप नाई लावला तं?"

"टाकीत किती आहे?"

"आज दुपारपावतर."

म्हणजे गोष्ट सरळ होती. संध्याकाळी पंप लावायचाच, आणि तोपर्यंत डोहावरचं तेल तोंडापासून दूर करायचं. नाही तर उद्या गावाला पाणी नाही, किंवा आहे पण पिण्यासारखं नाही. मधुकरराव एका दगडावर बसले आणि दोन मिनिटांनी उठले. त्यांची विचार करण्याची पद्धत अशी होती.

पहिला विचार ओव्हरसियरला साजेसा होता. डोहाच्या वर शंभर पावलांवर नाला दोन खडकांमधून जातो. रुंदी जेमतेम दहा हात. तिथे आडवे बांबू बांधून अडसर घातला की तेल वरच्या वर अडेल. कमी बांबू, कमी दोर, कमी माणसं. नत्थूजीनं पंपघरामागचे बांबू आणले, तीन-तीनची मोळी बांधली, आणि दोन्ही खडकांना दोर लावून पाण्यावर तरंगती सोडली.

तपकिरी तेल आलं. बांबूंपाशी थांबलं. अडसराच्या पोटाशी त्याचा जाड थर जमला, तसे मधुकरराव जरा सैल झाले. एवढ्यात थराखालून थेंब सुटू लागले. एक, दोन, मग ओळीनं. ते बांबूच्या खाली बुडी मारत आणि पलीकडे वर येऊन निवांत पसरत, जसं काही त्यांच्याकडे नगरपालिकेचा परवाना होता.

"बुडून राह्यलं साहेब," नत्थूजी म्हणाला. "तुम्ही म्हणता तेल तरंगते."

मधुकरराव पुन्हा दगडावर बसले.

इतक्यात शाळेतले केशव मास्तर आले. ते मिडल स्कूलला विज्ञान शिकवत. बापूरावांच्या भाषणाला मुलांना बसवून ते मागच्या मागे निसटले होते, आणि डोहावर काहीतरी झालंय हे कळल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा उपकरणं फुकट मिळाल्यासारखं वाटलं.

"इथे कशाला घातलात अडसर?" मास्तर म्हणाले.

"जागा अरुंद आहे."

"म्हणूनच नको. तेवढंच पाणी रुंद पात्रातून जायचं ते इथे दहा हातांतून जातंय. म्हणजे धावतंय. धावतं पाणी तेलाला खालून ओढून नेतं. तेल तरंगतं खरं, पण त्याला धरून ठेवणारं काही नाही."

"मास्तर, तरंगतं कशाला तेही सांगा, म्हणजे नत्थूजीचं समाधान होईल."

टोमणा होता, पण मास्तरांना टोमणे समजत नसत. म्हणून तर ते मास्तर होते.

"एक शेर पाणी घे आणि त्याच मापानं तेल घे, नत्थूजी. तेल हलकं भरेल. हलकं वर. पण नुसतं हलकं असून भागत नाही. स्पिरिट पाण्याहून हलकं, पण पाण्यात ओतलं की ते तरंगत राहत नाही, मिसळतं. तेल मिसळत नाही. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, तेलाच्या कणांना मधे शिरू देत नाहीत."

"बिरादरीवानी."

"तसंच. म्हणून ते वर राहतं. आता पसरतं कशाला? पाण्याचा वरचा पापुद्रा चहूकडून ताणलेला असतो, चौकटीवर ताणलेल्या कापडासारखा. त्यावर तेल पडलं की तो ताण त्याला चारी बाजूंनी ओढतो. पातळ, आणखी पातळ. हे रंग दिसतात ना, तिथे तेल केसाच्या शतांशापेक्षाही पातळ आहे. एक पिंप असं पसरलं तर चाळीस एकर झाकेल."

"डोह एकराचा हाय," नत्थूजी म्हणाला.

"म्हणून इथे थर जाड राहणार. रंगांना घाबरू नका. रंगात तेल नसतंच म्हणा. तपकिरीवर नजर ठेवा."

मधुकरराव उठले. त्यांना मास्तर आवडत नसत, कारण मास्तर बरोबर असत आणि वर उभे राहून बरोबर असत. पण त्या दिवशी आवडीनिवडीला वेळ नव्हता. नाला डोहात उतरताना जिथे पसरतो, तिथे पात्र साठ हात रुंद होतं आणि पाणी जवळजवळ उभंच. अडसर तिथे न्यायचा ठरला. गावातून आणखी बांबू आले. या वेळी बांबूंच्या मोळ्यांना खाली हातभर गोणपाटाचा पडदा शिवला आणि पडदा उभा राहावा म्हणून त्याच्या काठाला गोटे बांधले. पाणी पडद्याच्या खालून निघून जाणार, तेल वर अडणार. आणि अडसर सरळ आडवा न घालता तिरपा घातला, म्हणजे अडलेलं तेल त्याच्या कडेकडेनं घसरत डाव्या काठाच्या कोपऱ्यात जमेल. दुसरा, छोटा अडसर काठाशी जाळीच्या तोंडाभोवती अर्धगोल लावला. यात अकरा वाजले.

तेल घसरलं. कोपऱ्यात जमू लागलं. साय धरावी तशी त्याला घडी पडू लागली. नत्थूजीनं टोपलीनं काढायला सुरुवात केली आणि टोपलीतून तेल आणि पाणी दोन्ही परत गेलं. घागरीनं काढलं तर घागरभर पाण्यावर बोटभर तेल.

आणि तेव्हा बापूराव आले.

बापूराव सज्जन होते. ते कधी कुणाचं नुकसान करत नसत, फक्त मदत करत. त्यांच्याबरोबर शाळेतून सुटलेले दहा-बारा प्रतिष्ठित लोक होते. बापूरावांनी डोह पाहिला, नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाले, "मधुकरराव, साबण टाका. माझ्या सदऱ्यावरचं तेल साबणानं जातं."

"जातं," केशव मास्तर म्हणाले. "पाण्यात जातं. साबण तेलाचे बारीक बारीक थेंब करतो आणि ते पाण्यात खालवर सगळीकडे मिसळतात. मग ते दोन हात खालच्या तोंडातही जातील. आत्ता एका जागी आहे, हे आपलं भाग्य."

"बरं, मग पेटवून द्या."

"अध्यक्षसाहेब, पंपघराचं छप्पर गवती आहे," मधुकरराव म्हणाले.

बापूरावांनी छपराकडे पाहिलं. छप्पर कौलारू व्हावं असा ठराव त्यांच्याच सहीनं तीनदा पुढे ढकलला होता.

"शोषून घेणारं काहीतरी हवं," मास्तर म्हणाले. "भुसा, कडबा. कापूस तर उत्तमच."

कापूस हा शब्द आमच्या जिल्ह्यात जपून वापरावा लागतो. त्यानं प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. बापूरावांचा चेहरा उजळला.

"कापूस. वर्धा जिल्ह्यात कापसाला काय तोटा? पण एक लक्षात ठेवा. पिण्याचं पाणी आहे. घाणेरडी वस्तू त्याला लागता कामा नये. स्वच्छात स्वच्छ, शुभ्रात शुभ्र कापूस आणा. दवाखान्यातला आणा. सूतकताईच्या वर्गात सोड्यात उकळून धुतलेला ठेवलाय, तो आणा."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मधुकररावांनाही नाही, मास्तरांनाही नाही. कापसाची प्रत पांढरेपणावर ठरते, हे इथलं लहान मूलही जाणतं. बाजारात डागाळलेल्या कवडी कापसाकडे कोण बघतं? चांगल्या कामाला चांगला कापूस. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं कुरकुरत निळ्या कागदातल्या सगळ्या गुंडाळ्या दिल्या. शाळेतून दोन पोती धुतलेला कापूस आला. प्रतिष्ठित लोकांनी स्वतःच्या हातांनी तो पिंजून मऊ केला आणि बापूरावांनी पहिली मूठ पाण्यावर सोडली. कुणीतरी टाळी वाजवली.

शुभ्र कापूस तेलावर टेकला, क्षणभर राहिला. मग तेलाखालच्या पाण्याला त्यानं तोंड लावलं आणि इतकं पाणी प्यायला की त्याला तेलासाठी जागाच उरली नाही. राखाडी होऊन तो हळूहळू खाली गेला.

"कमी पडला," बापूराव म्हणाले. "आणखी टाका."

आणखी टाकला. तोही गेला. एक वाजेपर्यंत दवाखान्याचा वर्षाचा साठा आणि विद्यार्थ्यांची वर्षभराची कताई डोहाच्या तळाशी बसली होती आणि तेल होतं तिथेच होतं. काही बोळे वाहत विहिरीच्या तोंडापर्यंत गेले आणि जाळीला चिकटले. नत्थूजी छातीभर पाण्यात उभा राहून ते सोडवत होता.

"साहेब," तो म्हणाला, "डोहाले मलमपट्टी झाली."

मधुकरराव हसले नाहीत. ते तिसऱ्यांदा दगडावर बसले. ऊन चढलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, नाकात तेल होतं, गालावर अर्धी दाढी खाजत होती. गावात टाकी आता रिकामी झाली असेल. वारा सुटू लागला तर अडसरही किती टिकेल सांगता येत नव्हतं. अकरा वर्षांत एक गोष्ट नीट झाली होती. बारावं वर्ष पाहायला ती उरावी एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

काठावर बायका जमल्या होत्या. त्यात धुरपता होती. ती गिरणीत सरकी काढायच्या यंत्रांखालची, म्हणजे जिनांखालची, जमीन झाडायची. इंजिनाला तेल नाही म्हणून गिरणी त्या दिवशी बंद झाली होती आणि झाडणाऱ्या बायांना घरी जायला सांगितलं होतं. गल्लीतल्या नळाची वेळ होऊन गेली होती, म्हणून ती घागर घेऊन आली होती आणि तासभर हा शुभ्र सोहळा पाहत होती.

"ते बुडनारच," ती शेवटी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

मधुकररावांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"ते धुतलेलं हाय ना. धुतलेलं बुडते. आमच्या झाडनीतलं टाका. ते बुडत नाई."

"झाडणी म्हणजे?"

"जिनाखाली पडते ते. कवडी, माती, पत्ती, सरकीचे तुकडे. मालक म्हनते फेका, आम्ही नाल्यात फेकतो. ते तरंगत तरंगत अठी येते, पार डोहापावतर. तुमचा नत्थूजी शिव्या देते ना, 'कोन कचरा टाकते', ते आम्हीच." नत्थूजी पाण्यातून बघत राहिला. "अन् इंजिनाखाली तेल सांडलं तं आम्ही त्यानंच पुसतो. लगे पिऊन घेते. पांढऱ्या कापसाले कोन हात लावू देते आम्हाले?"

मग केशव मास्तरांनी कपाळावर हात मारला, आणि मधुकररावांना दिवसातलं पहिलं समाधान लाभलं.

"मेण," मास्तर म्हणाले. "कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ लेप असतो. त्याला पाणी चिकटत नाही, तेल चिकटतं. सोड्यात उकळला की तो लेप निघून जातो, मग तो पाणी पितो. जखमेला तसाच हवा असतो, म्हणून तर दवाखान्यात तो ठेवतात. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"गिरणीत किती झाडणी पडली आहे?" मधुकररावांनी विचारलं.

"चार बंड्या भरतीन. फेकायची राह्यली."

"मधुकरराव," बापूराव म्हणाले, "लोकांच्या पायाखालचा केर पिण्याच्या पाण्यात? लोक काय म्हणतील?"

मधुकररावांनी दोन बादल्या मागवल्या. दोन्हीत डोहाचं पाणी भरून वर थोडं तेल घातलं. एकीत दवाखान्याचा शेवटचा बोळा टाकला. दुसरीत धुरपताच्या पदराला चिकटलेली, मातकट, पत्तीनं भरलेली चिमूटभर कवडी. पांढरा बोळा पाणी पिऊन तळाला गेला आणि वरचं तेल वरच राहिलं. मातकट चिमूट तरंगत राहिली, काळी होत गेली, आणि तिच्याभोवतीचं पाणी स्वच्छ दिसू लागलं.

"बादलीत होतं ते डोहात होईलच असं नाही," बापूराव म्हणाले. हे त्यांनी अनुभवातून सांगितलं होतं. ठरावात झालेलं गावात झाल्याचं त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची हरकत लेखी द्या," मधुकरराव म्हणाले. "ती येईपर्यंत मी टाकतो."

अध्यक्षांशी ते असं अकरा वर्षांत बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना फार दमल्यासारखं झालं. पण बापूराव कागद शोधायला गेले, आणि तोवर झाडणीनं भरलेल्या बैलबंड्या आल्या.

मग दुपारभर काम चाललं, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. धुरपतानं गिरणीतल्या आणखी सात बायका बोलावल्या. झाडणी चाळून मोठी माती आणि दगड काढून टाकायचे, मग ती अडसराच्या कोपऱ्यात तेलावर हातानं पसरायची. घटकाभर थांबायचं. ती काळी, जड, चिकट झाली की दाताळ्यानं काठावर ओढायची, पिळायची, पिळलेलं तेल रिकाम्या पिंपात, आणि तीच झाडणी पुन्हा पाण्यावर. दोन-तीनदा वापरली की फेकायची. थोडी झाडणी जुन्या विरळ गोणपाटात भरून लांब उशा केल्या आणि त्या तोंडाभोवतीच्या अडसराला आतून लावल्या, चुकून आलेलं तेल टिपायला. केशव मास्तर धोतर खोचून पाण्यात उतरले आणि प्रत्येक फेरीला काय घडतंय ते समजावू लागले. तिसऱ्या फेरीनंतर धुरपता म्हणाली, "मास्तर, तुम्ही बोला, पन हात थांबवू नका." तेव्हापासून ते बोलता बोलता ओढू लागले.

चार वाजता वारा आला. भीती वाटली होती, पण तो डाव्या काठाकडेच वाहिला आणि डोहावर सुटं पडलेलं तेल ढकलून त्याच कोपऱ्यात घेऊन आला. हे मधुकररावांनी योजलेलं नव्हतं. नंतरच्या अहवालात मात्र योजलेलं होतं.

सूर्य खाली आला तेव्हा तपकिरी संपलं होतं. कुठे कुठे रंगीत चकाकी होती, पण मास्तर म्हणाले ती एक-दोन दिवसांत उन्हानं उडून जाईल. काळ्या झाडणीचा ढीग काठापासून दूर एका खड्ड्यात टाकला. वीटभट्टीवाला तो जळणासाठी न्यायला तयार होता. अडसर काढायचे नाहीत, आठ दिवस तसेच ठेवायचे, असं ठरलं.

"लाव," मधुकरराव म्हणाले.

नत्थूजीनं इंजिन लावलं. तोंडाशी पाणी हललं, लहानसा भोवरा पडला. सगळे वाकून पाहत होते. भोवऱ्यात काही गेलं नाही. रंगीत चकाकी अडसराच्या बाहेरच डोलत राहिली. थोड्या वेळानं पंपाच्या नळीला पाणी आलं आणि मधुकररावांनी ओंजळीत घेऊन हुंगलं.

तेलाचा वास.

त्यांचा चेहरा उतरला. मास्तरांनी हुंगलं. तेलाचा वास. नत्थूजीनं हुंगलं, धुरपतानं हुंगलं. वास होताच. बापूराव कागद घेऊन परत आले होते, त्यांनी हुंगलं आणि हरकत मागे घेतली नव्हती याबद्दल त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात मधुकररावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई डबा घेऊन आल्या. नवरा सकाळपासून उपाशी, एवढंच त्यांना माहीत होतं. मधुकररावांनी नळीच्या पाण्याचा लोटा पुढे केला. त्यांनी हुंगला, एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"पाण्याला काही वास नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आहे. हात धुवा आधी. आणि अर्धी दाढी करून तुम्ही दिवसभर गावात फिरलात?"

दिवसभर तेलात उभ्या राहिलेल्या माणसांच्या नाकाला सगळ्याच गोष्टींना तेलाचा वास येतो, हे मास्तरांनी लगेच समजावून सांगितलं. पण कुणी ऐकत नव्हतं. मधुकरराव चौथ्यांदा दगडावर बसले, आणि या वेळी उठायची घाई नव्हती. विहीर गोड राहिली होती. पंपाचा ठोका चालू होता. गावाकडे पाणी जात होतं.

बापूराव भावुक झाले. जमलेल्या बायकांकडे वळून ते म्हणाले की या घटनेचा सविस्तर अहवाल नागपूरला जाईल, त्यात कापसानं वर्धा जिल्ह्याची लाज कशी राखली हे येईल, श्रमाचं महत्त्व येईल, आणि नगरपालिकेनं वेळीच दाखवलेली दूरदृष्टी येईल. बोलता बोलता त्यांना स्वतःचीच नोंद घ्यावीशी वाटली आणि त्यांनी हरकतीच्या कागदाच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली.

मधुकररावांना भाषण करायची ताकद नव्हती. ते उठून धुरपतापाशी गेले. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि ती माती लावून घासत होती.

"धुरपताबाई," ते म्हणाले, "अहवाल बापूराव लिहितील, पण सही माझी लागते. त्यात तुमचं नाव मी पहिलं घालणार आहे. आज तुम्ही नसतात तर ही विहीर गेली होती. माझं सगळं गेलं होतं. नगरपालिकेकडून तुम्हाला काय हवं ते सांगा. माझ्या हातात असेल ते मी करतो, नसेल ते भांडून करतो."

धुरपतानं हात पाण्यात बुडवले, पाहिले, पुन्हा माती घेतली. थोडा वेळ तिनं खरोखर विचार केला.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "गिरणी तं उद्याही बंदच दिसते. उद्या आष्टीचा बाजार हाय, मले वांगे घेऊन जा लागते अन् मोटर सकाळी सहाले निघते. आमच्या गल्लीतला नळ तेवढा उद्या थोडा आंधी सोडजा."